'हेट स्पीच'ला मराठीत काय लिहावं?

रातांबा: पंचायतीच्या वाचनालयासाठी भारतीय न्याय संहितेवर मराठी पत्रक करतोय. 'द्वेषपूर्ण भाषण' लिहिलं की वाचणाऱ्याला सभा आणि माईक दिसतो. कलम १९६ मात्र लेखन, खुणा, चित्रं, मोबाइलवरचे मेसेज, सगळंच धरतं. दुसरा शब्द सुचवा.

डिचोलीकर: द्वेषोक्ती! अतिशयोक्ती चालते, मग ही का नको?

सुशेगाद: म्हापशाच्या बाजारात लोक तो अलंकार समजतील. हेट स्पीचच ठेवा. आणि 'घाटी' म्हणणं त्यात येतं का, ते आधी लिहा. गोव्यात पहिला प्रश्न तोच येणार.

डिचोलीकर: घाटी म्हणजे घाटावरचा. त्यात शिवी कुठे आली?

मांडवीकाठ: व्युत्पत्ती कोर्टात चालत नाही, डिचोलीकर. कलमात धर्म-वंशासोबत जन्मस्थान, निवास आणि भाषाही आहे, म्हणजे विषय लागू पडतो. पण रस्त्यात एकट्याला 'ए घाट्या' म्हटलं तर १९६ नाही. गटागटांत वैर वाढवायचा हेतू दिसावा लागतो. 'घाट्यांना गावातून हाकला' अशी पोस्ट घ्या. शिक्षा तीन वर्षांपर्यंतची, म्हणून नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३(३)प्रमाणे पोलीस उपअधीक्षकाच्या परवानगीने चौदा दिवसांत आधी प्राथमिक चौकशी करता येते. इम्रान प्रतापगढींच्या कवितेच्या खटल्यात (२०२५) सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अशा प्रकरणांत हीच वाट घेणं योग्य, आणि शब्दांचा परिणाम खंबीर, समंजस माणसाच्या मापाने मोजायचा, जरा टीका झाली की घाबरणाऱ्याच्या नाही. पुढे कोर्टाने दखल घ्यायची तर त्याच नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २१७खाली सरकारची मंजुरी लागते.

सुशेगाद: चौदा दिवसांत पोस्ट काणकोणपर्यंत पोचते.

मांडवीकाठ: पोचते. पण ही चाळणी नसेल तर उद्या कुणाच्याही कवितेवर गुन्हा लागेल.

रातांबा: मग ज्याला हाकला म्हटलं, त्याच्या मानाचं काय?

मांडवीकाठ: दुखणं तिथेच आहे. संविधानाच्या अनुच्छेद १९(२)मध्ये बोलण्या-लिहिण्यावरच्या बंधनाची आठ कारणं आहेत. 'सार्वजनिक सुव्यवस्था' आहे, 'प्रतिष्ठा' नाही. ती उद्देशिकेत आहे.

सुशेगाद: बदनामी आहे की त्यात! तीच लावा.

मांडवीकाठ: अर्धं बरोबर. समूहाचीही बदनामी होते, पण समूह नेमका, ओळखता येण्याजोगा हवा. 'सगळे घाटी' हा तसा समूह नव्हे. म्हणून सगळा भार सुव्यवस्थेवर पडतो आणि हिशोब उलटा होतो: ज्यांना बोललं ते गप्प बसले तर गुन्हा दाखवणं कठीण, त्यांनी दगड उचलले तर सोपं. माझ्या मते बंधन हवं, पण ते दंग्याच्या भीतीवर टांगलेलं नको. न्याय संहितेच्या कलम १९७मध्ये त्याचा नमुना आहे. भाषिक वा प्रादेशिक गटाला नागरिक म्हणून असलेले हक्क नाकारा, असा प्रचार तिथे गुन्हा आहे. 'घाट्यांना मत देऊ देऊ नका' हे त्यात बसू शकतं, दंगल होवो न होवो.

डिचोलीकर: उद्या 'भायल्यांना जमिनी विकू नका' म्हणणाराही आत जाईल. जमिनीचं राजकारण बोलायचंच नाही का?

मांडवीकाठ: विकणाऱ्याला केलेलं आवाहन वेगळं, हक्कच काढून घ्या म्हणणं वेगळं. मधली रेघ पुसट आहे, हे मान्य.

रातांबा: पत्रक परवा छापायला जातंय. 'विद्वेषी मजकूर' लिहू?

डिचोलीकर: मजकूर म्हटलं की तोंडी बोललेलं सुटलं. द्वेषोक्तीच लिहा.