रुपया घसरला, तरी व्यापारतूट का वाढली?

पेठेतला वाचक
डॉलर ८० वरून ८८ रुपयांवर गेला, म्हणजे परदेशी ग्राहकाच्या डॉलरला सरळ १० टक्के जास्त रुपये मिळू लागले आणि आपला टॉवेल त्याला स्वस्त झाला. तरीही तूट कमी होण्याऐवजी वाढली. रुपया घसरला की व्यापार सुधारतो, हे पुस्तकी थोतांड आहे आणि आपल्या सोलापुरातल्या अक्कलकोट रोडच्या कारखानदारांना वरचा पैसा फक्त खिशात घालायचा असतो.

हिशेबनीस
कारखानदारांवरच्या आरोपाला ते स्वतः उत्तर देतील. मला ‘सरळ १० टक्के’ हा हिशेबच मान्य नाही. ८० चे ८८ होणे ही बँकेच्या फलकावर दिसणारी घसरण झाली. माल खरोखर किती स्वस्त झाला हे पाहायचे असेल, तर त्या दराला परदेशातील किमतींनी गुणून इथल्या किमतींनी भागावे लागते. समजा, ही घसरण होण्यास जेवढा काळ लागला तेवढ्या काळात अमेरिकेतील भाव १०० वरून १०६ वर गेले आणि आपल्याकडचे १०० वरून ११२ वर. मग ८८ गुणिले १०६ भागिले ११२ असे केल्यावर ८३ रुपये २९ पैसे येतात. म्हणजे खरी घसरण सुमारे ४ टक्के, उरलेली आपल्याच महागाईने खाल्ली.

तुर्कस्तानचे उदाहरण घ्या, कारण तिथल्या डेनिझली शहराचा टॉवेल आपल्या मालाचा थेट प्रतिस्पर्धी आहे. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस डॉलर साडेनऊ लिरांच्या आसपास होता आणि वर्षभरात तो साडेअठरांच्या आसपास पोहोचला. डॉलर तिथे जवळपास दुप्पट महाग झाला. पण त्याच वर्षात तिथली अधिकृत महागाई ८५ टक्क्यांवर होती आणि अमेरिकेतील ७.७ टक्के होती. गुणाकार-भागाकार केल्यावर खरा दर साधारण १३ टक्केच हललेला दिसतो. नुसता फलक पाहून ज्यांनी तुर्की माल निम्म्या भावात येणार असा अंदाज बांधला असेल, त्यांचा अंदाज इथेच चुकला.

आणखी एक गोष्ट, कारण ती हमखास उलटी वाचली जाते. रिझर्व्ह बँक ४० चलनांच्या तुलनेत, महागाईतला फरक धरून, रुपयाचा जो वास्तविक निर्देशांक काढते, तो वर गेला तर रुपया महाग झाला असे समजायचे. वरच्या हिशेबात आकडा वाढला की रुपया स्वस्त होतो. दोन्हींची दिशा विरुद्ध आहे.

यंत्रमागवाला
‘खिशात घालायचा असतो’ हे वाचून राहवले नाही. मी टॉवेल विणतो आणि निर्यात करतो, म्हणून जे घडले तेच सांगतो. माझ्या ऑर्डरचा भाव डॉलरमध्ये ठरलेला होता आणि माल मागावर होता. रुपया घसरला आणि आठवडा उलटण्याआधी परदेशी खरेदीदाराचे पत्र आले की तुमचा खर्च कमी झाला आहे, तेव्हा पुढच्या लॉटला डॉलरमधील भाव कमी करा. त्याच सुमारास सुताचा भाव चढला. कापूस आपल्याच देशातला असला, तरी त्याचा भाव जागतिक बाजाराकडे पाहूनच ठरतो. माझ्या टॉवेलच्या खर्चात निम्म्याच्या आसपास वाटा सुताचा आहे. मग रुपया घसरल्याचा फायदा उरतो तो फक्त मजुरी, वीज आणि शिलाई-पॅकिंग यांवर. रंग-रसायनांतली काही तर आयातच होतात. तुमचे १० टक्के माझ्या हातात येईपर्यंत किती उरतात, ते कारखान्यात येऊन पाहा.

पेठेतला वाचक
म्हणजे तुम्ही माझेच म्हणणे सिद्ध केलेत. फायदा झालाच नाही, तर व्यापार सुधारणार कुठून?

मुलीचा बाप
तुम्ही निर्यातदारांचेच काय बोलत बसला आहात? माझी मुलगी आयर्लंडमध्ये शिकते. फी युरोत भरावी लागते आणि शैक्षणिक कर्ज मंजूर झाले तेव्हाच्या आकड्यांत ती आता बसत नाही. रुपया घसरल्याने देशाचे भले होते, असे ज्यांना वाटते त्यांनी माझा हप्ता भरून दाखवावा.

हिशेबनीस
आपली अडचण खरी आहे. फक्त तुमचा संबंध रुपया आणि युरो यांच्या दराशी आहे. डॉलर चढला म्हणून युरो तेवढाच चढतो असे नाही. पण या धाग्याचा मूळ प्रश्न तुमच्याच घरात दिसतो. परदेशी शिक्षण हीसुद्धा सेवांची आयातच आहे. फी महागली म्हणून मुलगी दुसऱ्या वर्षातून परत येणार नाही, म्हणून आज तुमच्याकडून रुपये जास्त जातात. पण पुढच्या वर्षी ज्यांची मुले जाणार आहेत, ते आईवडील हाच हिशेब करून पुण्याचा विचार करतील. किंमत आज बदलते आणि प्रमाण नंतर बदलते. सुरुवातीला तूट वाढते आणि मग कमी होते, यामागे मुख्यतः हेच कारण आहे.

कॉलेजची बाई
यात वादाला जागाच नाही. भाव एक टक्का बदलला की मागणी किती टक्के बदलते, तिला लवचिकता म्हणतात. निर्यातीच्या आणि आयातीच्या मागणीच्या लवचिकतेची बेरीज १ पेक्षा जास्त असेल तर घसरणीने व्यापारतोल सुधारतो. मार्शल-लर्नर अट म्हणतात ती हीच. पहिली दीड-दोन वर्षे तोल बिघडतो, मग सुधारतो. मी दरवर्षी हेच शिकवते.

हिशेबनीस
ताई, अट बरोबर आहे, पण ती ज्या गृहीतांवर उभी आहे ती इथे लागू नाहीत. व्यापार सुरुवातीला समतोल आहे आणि निर्यातदार आपल्या चलनात भाव सांगतो, असे त्यात धरलेले आहे. आपली निर्यात मोठ्या प्रमाणात डॉलरमध्ये होते आणि आपल्याकडे आधीपासूनच तूट आहे.

एक लहान हिशेब करून दाखवतो. निर्यात १०० डॉलर आणि आयात १२० डॉलर धरा. दर ८० असताना तूट १,६०० रुपये होती. दर ८८ झाला त्या दिवशी कोणीही काहीच बदलले नाही, तर डॉलरमधील तूट २० च राहते, पण रुपयांत ती १,७६० होते. वृत्तपत्रात रुपयांचा आकडा छापला गेला, तर व्यापार बिघडला असे वाटते, पण देशाबाहेर जाणारा डॉलर एकानेही वाढलेला नसतो.

आता यंत्रमागवाल्यांच्या खरेदीदाराचे पत्र यात घाला. डॉलरमधील भाव ४ टक्क्यांनी उतरला आणि तेवढाच माल गेला, तर निर्यात ९६ डॉलर होते आणि तूट २४ डॉलर. व्यापारतोल खऱ्या अर्थाने इथे बिघडतो. पुढे स्वस्त भावामुळे मालाचा खप ६ टक्क्यांनी वाढला, तर निर्यात १०१.७६ डॉलर होते. आयात महागल्यामुळे तिचे प्रमाण दीड टक्क्याने कमी झाले, तर ती ११८.२० वर येते. तूट १६.४४ डॉलर, रुपयांत सुमारे १,४४७. सुधारणा दोन्ही चलनांत दिसते.

आणि खप फक्त ४ टक्क्यांनी वाढला व आयात हललीच नाही, तर? निर्यात ९९.८४ डॉलर, तूट २०.१६ डॉलर. म्हणजे सारा खटाटोप करून आपण जिथे होतो तिथेच राहतो. भावातली ४ टक्क्यांची सूट भरून काढायलाच खप ४ टक्क्यांहून थोडा अधिक वाढावा लागतो. तूट १८.१८ ते २० डॉलरच्या दरम्यान राहिली, तर डॉलरमध्ये सुधारणा आणि रुपयांत बिघाड असे दोन्ही एकाच वेळी खरे ठरते. अशा वेळी भांडण आकड्यांचे नसते, चलनाचे असते.

कॉलेजची बाई
तूट असताना अटीतल्या दोन लवचिकतांना वेगवेगळे वजन द्यावे लागते, हे मान्य. वर्गात तेवढा वेळ मिळत नाही. पण दोन वर्षांचा विलंब मी मनाने रचलेला नाही. फेब्रुवारी १९८५ नंतर डॉलर घसरू लागला, तरी अमेरिकेची तूट १९८७ पर्यंत वाढतच गेली आणि मग उतरली. ब्रिटनने नोव्हेंबर १९६७ मध्ये पौंड २.८० डॉलरवरून २.४० डॉलरवर आणला आणि सुधारणा १९६९ मध्ये दिसली.

हिशेबनीस
उदाहरणे बरोबर आहेत. ती त्या देशांची आणि त्या काळची आहेत, एवढेच. तेवढ्यावरून दोन वर्षांचा नियम बनवता येत नाही.

यंत्रमागवाला
सर्व हिशेब त्या ४ टक्क्यांच्या सवलतीवर उभा आहे. ती मी दिली नाही तर? डॉलरमधील भाव तोच ठेवतो आणि जास्तीचे रुपये घेतो. मग बिघाडही नाही आणि सुधारणाही नाही, असेच ना?

हिशेबनीस
लगेच नाही. पण प्रत्येक डॉलरमागे जास्त रुपये मिळाले की बंद पडलेला माग चालवणे परवडू लागते आणि त्यातून जास्त माल बाहेर जाऊ शकतो. सुधारणा तेव्हा खरेदीदाराच्या बाजूने येत नाही, उत्पादकाच्या बाजूने येते. त्यासाठी माग आणि कामगार मोकळे असावे लागतात.

यंत्रमागवाला
माग मोकळे आहेत, म्हणजे धूळ खात आहेत! परदेशी ग्राहकाला जो रुंद आणि जाड माल लागतो, तो जुन्या मागांवर निघत नाही. नवा माग घ्यायचा तर तो परदेशातून, म्हणजे पुन्हा डॉलरमध्ये. शिवाय सूट दिली नाही तर खरेदीदार शेजारच्या कारखान्याकडे जातो. गेल्या खेपेला मी अडून बसलो आणि ती ऑर्डर माझ्याच गल्लीतील माणसाने माझ्यापेक्षा कमी भावात घेतली. सूट परदेशी माणूस काढून घेत नाही, आपणच एकमेकांना पाडून ती त्याच्या हातात देतो.

पेठेतला वाचक
इतका वेळ कारखानदारांचा दोष नाही असे सांगत होता आणि आता स्वतःच सांगता की ते एकमेकांचा भाव पाडतात.

यंत्रमागवाला
भाव पाडणे आणि खिशात घालणे या दोन उलट गोष्टी आहेत, साहेब. तुम्ही आम्हाला नफेखोर म्हणालात. ज्याचा नफा वाटाघाटीत निघून जातो त्याला नफेखोर म्हणण्याआधी शब्द तोलून वापरावा.

पेठेतला वाचक
नफेखोर हा शब्द माझा नाही, पण खिशाचे वाक्य मागे घेतो. मूळ शंका मात्र कायम आहे. १९६६ साली डॉलर ४.७६ रुपयांवरून ७.५० रुपयांवर नेला, तेव्हाही निर्यात वाढेल असेच सांगितले होते. ती तशी वाढली नाही, हे सर्वांना ठाऊक आहे.

हिशेबनीस
६ जून १९६६ चे उदाहरण तुमच्या बाजूने नाही. डॉलर ५७.५ टक्क्यांनी महाग केला हे खरे. पण त्याच वेळी निर्यातीला मिळणारी अनुदाने काढून घेतली आणि ताग, चहा यांसारख्या मालावर निर्यात शुल्क बसवले. निर्यातदाराला पूर्वी अनुदान धरून जे रुपये मिळत होते, त्यांच्याशी तुलना केली तर वाढ ५७.५ टक्क्यांच्या जवळपासही नव्हती. त्यात लागोपाठ दोन दुष्काळ पडले, शेतमालाचे उत्पादन घसरले आणि भाव चढले. खरा दर काढला असता, तर अपेक्षा कितपत ठेवायची ते आधीच कळले असते.

यंत्रमागवाला
मग आमच्यासाठी खरा दर कोणत्या किमतींनी काढायचा? ग्राहक महागाईच्या निर्देशांकात खाण्यापिण्याच्या वस्तूंचा वाटा मोठा. त्यावरून माझा टॉवेल महागला की स्वस्त झाला, हे कसे कळणार?

हिशेबनीस
त्यावरून कळणार नाही, हे मान्य. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांकात त्या त्या देशाशी होणाऱ्या आपल्या व्यापारानुसार वजने दिलेली आहेत, त्यामुळे अमेरिकेच्या दुकानात आपल्याशी स्पर्धा करणारा पाकिस्तान किंवा तुर्कस्तान त्यात पुरेसा दिसत नाही. तुमच्यासाठी सुताचा आणि मजुरीचा भाव घेऊन, डेनिझली आणि कराची यांच्याशी तुलना करणारा वेगळा हिशेब मांडावा लागेल.

यंत्रमागवाला
सुताचा आमचा भाव मी देतो. त्यांचा भाव मिळवणे माझ्या हातात नाही.

कॉलेजची बाई
सुताचा भाव जागतिक बाजाराशी बांधलेला असेल, तर तो तिन्ही ठिकाणी साधारण सारखाच हलेल. मग तुलनेत मजुरी आणि वीजच उरते. माझ्या मते सूत वगळूनच हिशेब करावा.

हिशेबनीस
ते मला पटत नाही. कापसावरचे आयात शुल्क आणि निर्यातीवरील बंधने तिन्ही देशांत सारखी नसतात, म्हणून सूतही सारखे हलत नाही. ते वगळले तर टॉवेलचा निम्मा खर्चच हिशेबातून निघून जाईल.