आरोग्य विम्याच्या पोस्टमध्ये ‘पहिल्या दिवसापासून कव्हर’ लिहावं का?

कोपरीचा एजंट
नमस्कार मंडळी. ठाणे पूर्वेला विम्याचं काम करतो. सोसायटीच्या ग्रुपवर आणि फेसबुकवर टाकायला मजकूर केलाय: ‘आजारपण सांगून येत नाही! पहिल्या दिवसापासून ५ लाखांचं कव्हर. ३१ तारखेपर्यंतच संधी, नंतर पस्तावाल.’ खाली बारीक अक्षरात ‘विमा ही आग्रहाची विषयवस्तू आहे’ टाकणार. चालेल का?

घणसोली डिझायनर
चालेल की. खाली ती ओळ टाकली की कायद्याचं काम झालं, आणि तू कंपनीचं नाव घेतलेलं नाहीस, म्हणजे मंजुरीचाही प्रश्न नाही. मी अशा पोस्ट रोज बनवतो. थोडी भीती दाखवल्याशिवाय लोक थांबून वाचतच नाहीत.

क्लेम डेस्कवर १४ वर्षं
दादा, त्या एका ओळीने वरचं चुकीचं वाक्य बरोबर होत नाही. पहिल्या दिवसापासून मिळतो तो फक्त अपघाताचा खर्च. बाकी आजारांना पहिले ३० दिवस थांबावं लागतं. हर्निया, मोतीबिंदू, गुडघे बदलणं यांसारख्या ठरावीक गोष्टींना बहुतेक पॉलिसींत २ वर्षं. आधीपासून शुगर किंवा बीपी असेल तर त्यामुळे होणाऱ्या अ‍ॅडमिशनला जास्तीत जास्त ३ वर्षं. एप्रिल २०२४ पूर्वी ही मुदत ४ वर्षांपर्यंत असायची. आमच्या टेबलावर क्लेम नाकारला गेला की माणूस आधी एजंटने पाठवलेला मेसेज उघडून दाखवायचा. आणि मंजुरीचं म्हणाल, तर ५ लाखांचा आकडा आणि स्वतःचा नंबर टाकून लोकांना बोलावलंत की ती विक्रीची जाहिरात झाली. ती टाकण्याआधी कंपनीकडून लेखी मंजूर करून घ्यायची असते.

ऐरोलीची लेक
आमच्याकडे हेच झालं. आईची पॉलिसी घेताना असाच मेसेज आला होता, ‘कुठलाही आजार’ असा. अकराव्या महिन्यात हर्नियाचं ऑपरेशन करावं लागलं, बिल ८५,००० झालं. कॅशलेस नाकारलं. डिस्चार्जच्या वेळी बाबा काउंटरवर फिक्स्ड डिपॉझिटची पावती हातात घेऊन उभे होते, ते अजून डोळ्यांसमोर आहे. पॉलिसीच्या पुस्तिकेत २ वर्षांच्या यादीत हर्निया स्पष्ट छापलेला होता. आधी कळलं असतं तर डॉक्टरांना विचारून तारीख पुढे ढकलता येते का ते पाहिलं असतं, नाहीतर पैसे तरी बाजूला ठेवले असते.

कळव्याचे काका
मला यातलं एक कळलं नाही. मी ६ वर्षं एका कंपनीत आहे, आता दुसरीकडे पोर्ट करतोय. मला पुन्हा ३ वर्षं थांबावं लागेल का?

क्लेम डेस्कवर १४ वर्षं
काका, तुमचा प्रश्न वेगळा आहे. जितक्या रकमेचा विमा आधी होता, तितक्यापुरती तुमची थांबण्याची वर्षं मोजून मिळतात. ५ लाखांवरून १० केलेत तर वाढीव ५ लाखांना नव्याने थांबावं लागेल.

घणसोली डिझायनर
लेकीचं वाचून वाईट वाटलं. ‘पहिल्या दिवसापासून’ काढा, मान्य. पण तारीख राहू द्या. तारीख नसेल तर लोक वर्षभर टाळतात, आणि त्यातच कुणी आजारी पडतं.

क्लेम डेस्कवर १४ वर्षं
३१ तारखेला खरंच काही संपत असेल तर लिहा. संपत नसेल तर ती खोटी घाई झाली. घाईत भरलेल्या फॉर्ममध्ये शुगर लिहायची राहते, आणि पुढे ते ‘माहिती लपवली’ म्हणून अंगाशी येतं. मी असं लिहीन:

‘आरोग्य विमा हॉस्पिटलचं बिल भरायला कामी येतो, पण सगळं पहिल्या दिवसापासून मिळत नाही. अपघात लगेच, इतर आजार ३० दिवसांनंतर, हर्निया-मोतीबिंदूसारखे काही बहुधा २ वर्षांनंतर, आणि आधीपासूनचे आजार जास्तीत जास्त ३ वर्षांनंतर. फॉर्ममध्ये जुने आजार नक्की लिहा. पॉलिसी मिळाल्यावर नको वाटली तर ३० दिवसांत परत करता येते, थोडी कपात होऊन पैसे मिळतात. घरच्यांशी बोलून सवकाश ठरवा.

विमा ही आग्रहाची विषयवस्तू आहे. जोखमीचे घटक, अटी व शर्ती यांच्या अधिक माहितीसाठी विक्री पूर्ण करण्यापूर्वी विक्री पत्रक काळजीपूर्वक वाचा.’

शेवटच्या दोन ओळी बाकी मजकुराच्याच अक्षरात टाका, बारीक करू नका.

घणसोली डिझायनर
फारच लांब आहे. चित्रावर एवढं मावणार नाही आणि निम्मे लोक ‘मिळत नाही’ वाचून पुढे जातील. मला अजूनही पटत नाही की एजंटनेच पहिल्या ओळीत नकार सांगावा.

ऐरोलीची लेक
मी तरी तिथे थांबून वाचलं असतं. त्या एजंटला फोनही केला असता.

कोपरीचा एजंट
तारीख काढली. चित्रावर फक्त पहिलं वाक्य आणि त्या दोन ओळी, बाकी सगळं खाली लिहितो. उद्या कंपनीकडे मंजुरीला पाठवतोय. ‘बहुधा २ वर्षं’ यावर ते अडवतील का?

क्लेम डेस्कवर १४ वर्षं
अडवू शकतात. तुम्ही जी पॉलिसी विकता तिचं पत्रक उघडा, त्यात छापलेला आकडा आणि आजारांची नावं जशीच्या तशी घ्या, मग ‘बहुधा’ काढून टाका.