शब्दचर्चा : ‘रजा मंजूर करावी’ की ‘गैरहजेरी माफ करावी’?

चौथी-ब ची आई : मुलगी मंगळवारी आणि बुधवारी, म्हणजे १५ आणि १६ जुलैला, तापामुळे शाळेत गेली नाही. गुरुवारी वर्गशिक्षिकांना चिठ्ठी द्यायची आहे. शाळा सेमी-इंग्रजी, त्यामुळे डायरीत मराठीतून चालतं. पण वर्गशिक्षिका बदलल्यात आणि त्यांना इंग्रजीतही हवी आहे. मी असं लिहिलंय : ‘माझी पाल्य दोन दिवसांपासून तापाने आजारी असल्याने तिची दोन दिवसांची रजा मंजूर करावी.’ काहीतरी खटकतंय, पण काय ते कळत नाही. इंग्रजी मजकूर इथे देवनागरीतच टाइप करते : ‘माय वॉर्ड इज सफरिंग फ्रॉम फीवर सिन्स टू डेज. काइंडली ग्रँट हर लीव्ह.’

टेबलखुर्ची : ताई, मसुदा ठीक आहे. फक्त वर ‘विषय : किरकोळ रजेबाबत’ अशी ओळ टाका, खाली ‘आपली विश्वासू’ लिहा आणि एक प्रत स्वतःकडे ठेवा. रजेचा अर्ज असाच असतो.

खडू-फळा : अहो, किरकोळ रजा नोकरदाराच्या खात्यातून वजा होते. चौथीतल्या मुलीच्या खात्यात कुठली रजा शिल्लक असणार? पण ‘अर्ज’ या शब्दात तुम्ही अर्धे बरोबर आहात, म्हणून नीट सांगतो.

‘रजा’ अरबीतून आला आहे. मूळ अर्थ संमती, परवानगी. ‘आपली रजा घेतो’ म्हणतो तेव्हा निघायची परवानगीच मागतो. इंग्रजीतल्या ‘लीव्ह’चा जुना अर्थही परवानगीच. आणि परवानगी आधी मागायची असते. पुढच्या आठवड्यात घरात मुंज आहे, मुलगी येणार नाही, तर ‘रजा मंजूर करावी’ आणि ‘ग्रँट लीव्ह’ दोन्ही बरोबर. तो खरा रजेचा अर्ज. इथे दिवस होऊन गेले आहेत. बाई बुधवारची रजा गुरुवारी मंजूर करू शकत नाहीत, हजेरीपटात ‘गै’ लागून गेलेला असतो. आता उरतं ते कारण कळवणं. म्हणून ही गैरहजेरीची चिठ्ठी, आणि क्रियापद ‘गैरहजेरी माफ करावी’. इंग्रजीत : ‘प्लीज एक्स्क्यूज हर अ‍ॅबसेन्स’.

आणि ‘सुट्टी’ तर लिहूच नका. सुट्टी शाळा सगळ्यांना देते, रजा एकाला मिळते.

मुठेकाठी : माफ कशाला? ताप येणं हा गुन्हा आहे का? पालकाने असं वाकून लिहायची काही गरज नाही. ‘कृपया नोंद घ्यावी’ एवढं पुरे.

खडू-फळा : ‘फी माफ’, ‘दंड माफ’ यात कुणी हात जोडलेले असतात का? तिथे माफ म्हणजे सूट. ‘एक्स्क्यूज’चाही इथे तोच अर्थ : त्या दिवसाच्या जबाबदारीतून मोकळं करणं. मात्र ‘नोंद घ्यावी’ चूक आहे असं मी म्हणणार नाही.

मुठेकाठी : फी माफ होते ती घेणाऱ्याच्या मर्जीने. तापाला कुणाची मर्जी लागत नाही. मी ‘नोंद घ्यावी’च लिहिणार.

चौथी-ब ची आई : आणि ‘पाल्य’? डायरीत छापलंय ‘पालकाची सही’, म्हणून मी ‘पाल्य’ लिहिलं.

कसब्यातला मास्तर : पाल्य म्हणजे ज्याचं पालन करायचं तो. मराठीत आईवडिलांनी स्वतःच्या मुलाबद्दल वापरला तरी चालतो. इंग्रजीत ‘वॉर्ड’ म्हणजे दुसऱ्याचं मूल, ज्याची जबाबदारी पालक म्हणून आपल्याकडे सोपवली आहे. आपल्याकडच्या शाळा सर्रास वापरतात, म्हणून बाई चूक काढणार नाहीत. पण आईने लिहायचं तर ‘माय डॉटर’. मराठीतही ‘माझी मुलगी’ सरळ आहे. आजोबा किंवा मामा सही करत असतील तर ‘पाल्य’ कामाचा.

‘माझी पाल्य’ की ‘माझे पाल्य’, यावर आमच्या स्टाफरूममध्ये कधी एकमत झालं नाही.

खडू-फळा : खरा घोळ ‘सिन्स’चा आहे. ‘दोन दिवसांपासून आजारी आहे’चं ते शब्दशः भाषांतर. इंग्रजीत मुदत सांगताना ‘फॉर टू डेज’ म्हणतात. ‘सिन्स’पुढे सुरुवातीचा दिवस येतो. पण त्याहून वाईट म्हणजे दोन्ही भाषांत तुम्ही वर्तमानकाळ लिहिलाय. ‘इज सफरिंग’ वाचून बाईंना वाटेल मुलीला अजून ताप आहे, आणि त्या तुम्हाला फोन करून न्यायला बोलावतील. ‘शी हॅड अ फीवर’ लिहा. ‘सफरिंग’ हा शब्द दोन दिवसांच्या तापाला भारीही पडतो.

नवीपेठ : आमच्याकडे धाकट्याला कांजिण्या झाल्यात. मराठी चिठ्ठी लिहिली, इंग्रजीत ‘मीझल्स’ लिहिलं. बरोबर ना?

कसब्यातला मास्तर : नाही, थांबा, पाठवू नका. मीझल्स म्हणजे गोवर. कांजिण्यांना ‘चिकनपॉक्स’. गोवरात खोकला, लाल डोळे आणि सपाट लाल पुरळ; कांजिण्यांत पाणी भरलेले फोड. शाळेसाठी फरक मोठा आहे, कारण मूल परत कधी बसवायचं याचा हिशोब वेगळा. कांजिण्यांत सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत घरी ठेवायचं, गोवरात पुरळ उठल्यावर निदान चार दिवस. तुमची चिठ्ठी वाचून बाई वर्गातल्या बाकीच्या पालकांना चुकीच्या आजाराची सूचना देतील. तुमच्या चिठ्ठीत आजाराचं नाव हवंच. साध्या तापात ‘ताप’ एवढं पुरतं.

नवीपेठ : बरं झालं विचारलं. बदलते.

टेबलखुर्ची : तारखा कशा लिहायच्या? ‘१६ पर्यंत’ चालेल?

खडू-फळा : टाळा. ‘१६ पर्यंत’मध्ये १६ धरायची की नाही यावर वाद होतो, ‘टिल’मध्येही तेच. वारासकट दोन्ही तारखा लिहाव्यात. ‘दोन दिवस’ तर नकोच. मध्ये रविवार आला की ते तीन होतात की दोन, हे कुणी सांगायचं? आणि ताई, ‘दिनांक १५ रोजी’ असं लिहू नका, दिनांक आणि रोजी एकच काम करतात. यातलं एक घ्या.

मी असं लिहीन :

‘१७ जुलै २०२५. मा. वर्गशिक्षिका, इयत्ता ४ थी, तुकडी ब. महोदया, माझी मुलगी (नाव, हजेरी क्रमांक) हिला ताप आल्यामुळे ती मंगळवार १५ व बुधवार १६ जुलै रोजी शाळेत येऊ शकली नाही. कृपया तिची गैरहजेरी माफ करावी. आज तिला बरे आहे. राहिलेला अभ्यास ती पूर्ण करेल. आपली नम्र, (सही).’

इंग्रजी, देवनागरीतच :

‘डिअर मॅडम, माय डॉटर, (नाव), स्टँडर्ड फोर, डिव्हिजन बी, वॉज अ‍ॅबसेंट ऑन ट्यूसडे, फिफ्टीन्थ, अँड वेन्सडे, सिक्स्टीन्थ जुलै, बिकॉज शी हॅड अ फीवर. प्लीज एक्स्क्यूज हर अ‍ॅबसेन्स. शी इज वेल टुडे अँड विल कम्प्लीट द वर्क शी मिस्ड. युवर्स सिन्सिअरली, (सही).’

मुठेकाठी : ‘महोदया’वर आता बोलू का? बाईंना नावाने ओळखतो तरी ‘महोदया’?

चौथी-ब ची आई : माझ्या चिठ्ठीत ‘नमस्कार मॅडम’ राहणार आहे. बाकी दोन्ही तशाच घेतल्या, ‘माफ’सकट.