मदत हवी आहे : वाडीच्या रस्त्याच्या कटिंगचा रिपोर्ट कसा वाचायचा?

रानवाट_७
आमची वाडी कोकणात डोंगराच्या पोटाला आहे, दोन वर्षांपूर्वी रस्ता रुंद करताना डोंगर उभा कापला आणि गेल्या पावसाळ्यात कटिंगच्या वर काजूच्या बागेत करंगळी जाईल एवढी भेग पडली, साधारण वीस पावलं लांब. आता ग्रामपंचायतीकडे उताराच्या तपासणीचा दोन पानी सारांश आलाय. त्यात लिहिलंय की वरचा उतार 35 अंश, कातळावर 3 मीटर माती, फॅक्टर ऑफ सेफ्टी 1.57, "समाधानकारक". गृहीतकात एकच ओळ आहे, "भूजल पातळी घसरण-पातळीच्या खाली". उपाय म्हणून पायथ्याशी 2 मीटर गॅबियन, म्हणजे तारेच्या जाळीत दगड भरलेली भिंत, आणि तोंडावर सिमेंटचा फवारा. कटिंगखाली अकरा घरं आहेत, त्यात माझी काकूपण राहते. हे पुरेसं आहे का कृपया सांगा.

कातळकडा
दादा माझ्या मते गॅबियनपेक्षा वाळा लावा, मुळं खोल जातात, माती धरून ठेवतात, आमच्याकडे बांधावर लावलाय एकदम घट्ट.

घाटरोड
आमच्या घाटात दगड सुटून गाडीवर पडतात, तिथे लोखंडी जाळी मारलीय, तुमच्याकडेही तीच मागा ना.

मातीपरीक्षक
घाटरोड, जाळी सुट्या दगडाला. इथे अख्खा मातीचा थर सरकायची भीती आहे, तो जाळीसकट खाली येईल. वाळ्याचं कातळकडांचं अर्धं बरोबर, वरची धूप नक्की थांबते, पण 3 मीटर खाली कातळाला लागून घसरण झाली तर मुळं तिथे काय धरणार.

रानवाट, तुमचा खरा प्रश्न त्या एका ओळीत आहे. वरच्या उतारासाठी हे साधं सूत्र लावून बघा, FOS म्हणजे तोच फॅक्टर ऑफ सेफ्टी, माती धरून ठेवणारं बल भागिले खाली ओढणारं बल, 1 च्या खाली गेला की उतार सरकतो:

```
FOS = c/(γ·z·sinβ·cosβ) + (1 − m·γw/γ)·tanφ/tanβ
```

z म्हणजे 3 मीटर, β 35 अंश. मातीचं वजन γ घनमीटरला 19 किलोन्यूटन, पाण्याचं γw 9.81, घर्षणकोन φ 30 अंश आणि चिकटपणा c 20 किलोपास्कल धरला की पाणी नसताना बरोबर 1.57 येतं, त्यांनीही बहुतेक असंच काहीतरी धरलंय. m म्हणजे मातीत पाणी किती वर चढलं ते. अर्ध्यापर्यंत चढलं की 1.36, पूर्ण भरलं की 1.15. आता जांभ्याखालची ती पांढरट चिकट माती उन्हाळ्यात कोरडी काढून तपासली असेल तर चिकटपणा फुगवून येतो. भिजल्यावर तो 10 राहिला तर अर्ध्या पाण्यातच आकडा 0.99 होतो. म्हणजे उतार सरकायला मोकळा. नमुना कुठल्या महिन्यात काढला आणि भिजवून तपासला का, हे दोन प्रश्न लेखी विचारा. आणि हो, हे सूत्र वरच्या उताराला, कापलेल्या उभ्या तोंडाचा हिशेब वेगळा मागा.

रानवाट_७
नमुना मे महिन्यात काढला, मी स्वतः होतो तिथे! मग किती पाऊस झाला की घाबरायचं?

कातळकडा
दिवसाला 100 मिमी झाला की धोका, असं ऐकलंय.

मातीपरीक्षक
एक आकडा सगळ्या डोंगरांना लागू होत नाही. आधीचे आठ-दहा दिवस संततधार असेल तर माती भरलेलीच असते, मग मधल्या एका जोरदार रात्रीत पाणी चढतं. 22 जुलै 2021 ला महाडच्या तळियेला दरड आली तेव्हाही आसपास सलग अतिवृष्टी चालू होती. तुमच्या भेगेतून तर पाणी थेट आत जातं. पाऊस थांबला म्हणून लगेच निर्धास्त होऊ नका, खालचं पाणी उतरायला वेळ लागतो.

उपायात मी पाणी आधी काढेन. भेगेच्या वरच्या अंगाला चर, पण आतून सिमेंटचं, कच्चं चर तिथेच पाणी जिरवतं. मग कटिंगमध्ये छिद्रांचे पाइप, आतलं टोक वर राहील असे 5-10 अंश तिरके, म्हणजे पाणी आपोआप बाहेर येतं. फवारा मारायचाच तर पाणी निघायला भोकं ठेवूनच, नाहीतर पाणी आत कोंडतं. 2 मीटरचं गॅबियन पायथा धरेल, पण वरचा थर त्याच्यावरूनही येऊ शकतो. एवढं करून पुन्हा हिशेब केला आणि आकडा कमी राहिला, तर कातळात रुतवायचे सळईचे खिळे लागतील. त्यांची लांबी इथून सांगता येणार नाही.

रानवाट_७
आज सकाळी काकांना घेऊन वर गेलो. भेगेच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकल्या, मधलं अंतर 84 सेंमी भरलं. भेगेखाली साधारण दहा पावलांवर, कटिंगच्या वरच्या कडेला, ओल दिसली, मे महिन्यात! काकू म्हणते तिथे पूर्वी झरा होता, रस्त्याच्या कामात बुजला.

मातीपरीक्षक
ही फार महत्त्वाची गोष्ट आहे, रिपोर्टवाल्यांना फोटोसकट कळवा. बुजलेला झरा असेल तर "पाणी खाली आहे" हे गृहीतकच राहत नाही. तोवर भेग चिकणमातीने ठासून वर ताडपत्री घाला, पावसात रोज खुंट्या मोजा. अंतर वाढायला लागलं किंवा झऱ्याचं पाणी गढूळ झालं, नाहीतर अचानक आटलं, तर आकड्यांची वाट न बघता खालची अकरा घरं रिकामी करा.

घाटरोड
झरा पाइपने दुसरीकडे वळवता येईल का? आमच्याकडे असं केलं होतं, टिकलं नाही.

रानवाट_७
का नाही टिकलं ते सांगा ना. सोमवारी बैठक आहे, तिथे हाच प्रश्न निघणार.