चर्चा धागा: रात्रीच्या कारखान्याच्या आवाजाबद्दल प्रदूषण नियंत्रण मंडळाला लिहायचे पत्र

गच्चीवरून:
आमच्या सोसायटीमागे, रस्ता आणि नाला ओलांडला की औद्योगिक वसाहत सुरू होते. तिथल्या एका कारखान्याचा कॉम्प्रेसर हिवाळ्यापासून रात्रभर चालतो. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या उपप्रादेशिक अधिकाऱ्यांना देण्यासाठी मी केलेल्या मसुद्यातील मुख्य भाग असा आहे: “कारखान्यास गुरुवारी सुट्टी असते. इतर रात्री असह्य, भयंकर आवाज येतो. 4 फेब्रुवारी 2025, रात्री 11.20: मोबाइलवर 52 डेसिबल. 13 फेब्रुवारी, रात्री 1: 53 डेसिबल. 15 फेब्रुवारी, पहाटे 4.10: 52 डेसिबल, मध्येमध्ये मोठा फुत्कार. कृपया कारखाना बंद करावा.” हे पत्र असेच पाठवावे का?

वसाहतवासी:
माझ्या मते पाठवू नये. औद्योगिक क्षेत्रासाठी रात्रीची मर्यादा 70 डेसिबल आहे आणि कारखान्यांच्या संमतीपत्रातही बहुधा तोच आकडा असतो. तुमचे 52 त्याच्या पुष्कळ खाली आहेत. शिवाय 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार तक्रार करायची तर आवाज मर्यादेपेक्षा किमान 10 डेसिबलने जास्त असावा लागतो. वसाहत आधी होती आणि इमारती नंतर आल्या, हेही विसरता येणार नाही. तिसऱ्या पाळीवर कित्येक घरे चालतात. ‘कारखाना बंद करावा’ हे वाक्य कोणी इतक्या सहज कसे लिहू शकतो, हे मला कळत नाही.

ध्वनिमापक:
मी पर्यावरण प्रयोगशाळेत मोजणीचे काम करतो. वरचे उत्तर संमतीपत्रापुरते बरोबर आहे, पण आवाज जिथे पोहोचतो तिथली मर्यादा त्यातून सुटली आहे. नियम प्रत्येक क्षेत्रासाठी वेगळी पातळी ठरवतात आणि निवासी क्षेत्रात रात्री 10 ते सकाळी 6 ही पातळी 45 डेसिबल आहे. आवाज नाल्यापलीकडून आला म्हणून खिडकीशी 70 लागू होत नाही. 10 डेसिबलची अट नियम 7 मधली आहे. ती जिल्हाधिकारी किंवा पोलिसांसारख्या प्राधिकाऱ्याकडे करायच्या तक्रारीची आहे आणि तिथेही रात्रीच्या निर्बंधांचा भंग हे वेगळे कारण दिलेले आहे. मंडळाचा हात मुख्यतः 1981 च्या हवा कायद्याखालच्या संमतीपत्रातून चालतो. 1987 च्या दुरुस्तीनंतर त्या कायद्यात आवाजही हवेच्या प्रदूषकांत गणला जातो.

खरी अडचण दुसरीच आहे. अधिकारी दुपारी येऊन कारखान्याच्या कुंपणाशी मोजतील, 66 भरेल, अहवालात ‘मर्यादेत’ असे लिहिले जाईल आणि त्यात काही खोटेही नसेल. म्हणून पत्रातली मागणी अचूक हवी: मोजणी तक्रारदाराच्या घराशी, रात्री 11 ते पहाटे 5 या वेळात, कॉम्प्रेसर चालू असताना आणि शक्य असल्यास थोडा वेळ बंद ठेवून व्हावी. थंडीत रात्री जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार असते, त्यामुळे वर जाणारा आवाज खाली वळतो आणि तेच यंत्र दूरवर अधिक ऐकू येते. दुपारची मोजणी या तक्रारीला उत्तर देऊच शकत नाही.

आता नोंदींकडे येतो. ‘13 फेब्रुवारी, रात्री 1’ ही नोंद तुमचे सगळे पत्र पाडू शकते. त्या दिवशी गुरुवार होता. वाचणारा ती गुरुवारची रात्र समजेल आणि व्यवस्थापन हजेरीपत्रक दाखवून म्हणेल की तेव्हा कारखाना बंद होता. तुम्हाला बुधवारची तिसरी पाळी अभिप्रेत असणार, तर तसेच लिहा: ‘बुधवार 12 व गुरुवार 13 फेब्रुवारीच्या मधली रात्र, 1 वाजता’. मोबाइलचा आकडा पुरावा म्हणून टिकत नाही, कारण त्याचा मायक्रोफोन कॅलिब्रेट केलेला नसतो. मात्र तोच मोबाइल, तीच जागा आणि तीच वेळ ठेवून कारखाना बंद असलेल्या रात्रीही मोजले, तर दोन आकड्यांतला फरक बोलका असतो. भिंतीला चिकटून मोजू नका, परावर्तनाने आकडा तीनेक डेसिबलने वाढू शकतो.

शांतताप्रिय:
आमच्याकडे मंगल कार्यालयाचा डीजे रात्री बारापर्यंत चालत असे. आम्ही 112 वर फोन केला, पोलीस आले आणि आवाज बंद झाला. तुम्हीही तसेच करावे. मंडळाला पत्र लिहून वेळ घालवू नये.

ध्वनिमापक:
ध्वनिक्षेपकाला रात्री 10 नंतर सरळ मनाई आहे, म्हणून पोलिसांचे काम तिथे सोपे असते. कॉम्प्रेसरला अशी मनाई नाही, तो किती आवाज करतो एवढाच प्रश्न आहे. गस्तीवरच्या हवालदाराने तो कशाच्या आधारे बंद करायचा?

पाळी_प्रमुख:
मी अशाच एका कारखान्यात देखभाल पाहतो आणि पत्र ही पहिली पायरी असावी, हे मला पटत नाही. आमच्याकडेही शेजारच्या चाळीतून तक्रार आली होती. लोक आधी थेट भेटायला आले आणि त्यांनी आवाज कसा येतो ते नीट सांगितले: सतत घरघर आणि दर काही मिनिटांनी फुत्कार. ऐकताच आम्हाला कळले की फुत्कार कॉम्प्रेसर अनलोड होताना सुटणाऱ्या हवेचा आहे. तिथे सायलेन्सर बसवला आणि खोलीची घरांच्या बाजूची जाळी बंद करून हवा मागच्या बाजूने घेतली. घरघर पूर्ण गेली नाही, पण तक्रार थांबली. नोटीस आली असती, तर हीच गोष्ट वकिलाकडे गेली असती आणि यंत्राला कोणी हात लावला नसता.

गच्चीवरून:
आम्ही व्यवस्थापनाला दोनदा लेखी कळवले आहे. पोच आहे, उत्तर नाही. त्या पत्रांच्या तारखा आता मसुद्यात घेते. ‘कारखाना बंद करावा’ हे वाक्य काढले आहे. त्याऐवजी रात्री घराशी मोजणी करावी, संमतीपत्राच्या अटी तपासाव्यात आणि कॉम्प्रेसरला ध्वनिरोधक आवरण व सायलेन्सर बसवण्याचे निर्देश द्यावेत, असे लिहिले आहे. ‘असह्य, भयंकर’ हे शब्दही गेले.

नवी नोंद अशी आहे: “गुरुवार 20 व शुक्रवार 21 फेब्रुवारीच्या मधली रात्र, 11.20, कारखाना बंद, गच्चीवर, कठड्यापासून दूर, त्याच जागी, वारा नाही: 43 डेसिबल.”

ध्वनिमापक:
हीच तुमची सर्वांत मोलाची नोंद आहे. बंद रात्री 43 आणि चालू रात्री 52, म्हणजे त्या 52 मध्ये परिसराच्या इतर आवाजाचा वाटा एक डेसिबलही भरत नाही. आकडे स्वतः चुकीचे असले, तरी हा आवाज रस्त्याचा आहे असे कोणी सहज म्हणू शकणार नाही. फुत्काराच्या वेळा सलग अर्धा तास टिपून ठेवा. सरासरीत त्या दबून जातात, पण झोप त्यानेच मोडते आणि यंत्रही त्यावरून ओळखता येते.

वसाहतवासी:
मागणी बदलली याचा मला आनंद आहे. तरीही एक प्रश्न उरतो. तुमची सोसायटी विकास आराखड्यात निवासी पट्ट्यात आहे का? आमच्या भागात औद्योगिक पट्ट्यातल्याच भूखंडांवर इमारती उभ्या राहिल्या आहेत. तुमचेही तसे असेल, तर 45 चा आधार डळमळतो.

ध्वनिमापक:
हा आक्षेप योग्य आहे. क्षेत्र संमिश्र असेल तर ते कोणत्या वर्गात धरायचे हे सक्षम प्राधिकरणाने ठरवायचे असते, आणि ते ठरलेले नसेल तर दोन्ही बाजू आपापला आकडा धरून बसतात. माझ्याकडे याचे सरळ उत्तर नाही. मला विचाराल तर जिथे माणसे रात्री झोपतात तिथे 70 लावणे अन्यायाचे आहे, पण मंडळ माझ्या मतावर चालणार नाही.

गच्चीवरून:
महापालिकेच्या नगररचना विभागाकडे झोन दाखल्यासाठी सोमवारी अर्ज देते आहे. दाखला हाती आला की तो जोडूनच पत्र मंडळाच्या आवक कक्षात देऊन पोच घेईन.