सीनिअरचं दोन शब्दांचं उत्तर आलं, तुम्ही ते कसं वाचलं आणि उलट काय लिहिलं? (अनुभव सांगा)

सळई_इंदूर

मी इंदूरला एका स्ट्रक्चरल डिझाइनच्या ऑफिसात आहे, दीड वर्ष झालं. मागच्या महिन्यात एका तीन मजली घराचं फुटिंगचं, म्हणजे पायाचं ड्रॉइंग केलं आणि संध्याकाळी सरांना व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ पाठवली, खाली सहा-सात ओळींचा व्यवस्थित मेसेज, काय काय केलंय, कुठे शंका आहे, सगळं. रात्री पावणेअकराला उत्तर आलं, "फुटिंग कवर?"

म्हणजे पायातल्या सळईभोवती काँक्रीटचा थर किती. बस. ना नमस्ते, ना "अच्छा है". मी तो मेसेज किती वेळा वाचला असेल सांगता येत नाही, दर वेळेला ते प्रश्नचिन्ह मोठं मोठं दिसायला लागलं. वाटलं, म्हणजे एवढी साधी गोष्ट पण येत नाही का तुला, असं म्हणताहेत. मग मी काय लिहिलं, तर सॉरी सर, घाईत राहून गेलं, मी जनरल नोट्स जुन्या ड्रॉइंगमधून घेतल्या होत्या, त्यात स्लॅब, बीम आणि कॉलमचं कवर होतं पण फुटिंगचं नव्हतं, पुढे असं होणार नाही, मी कोडमध्ये परत पाहिलं, तिथे ५० दिलंय... अशा नऊ ओळी. तो ५० सातव्या ओळीत होता.

दोन मिनिटांनी सरांचा फोन. "कितना?" मी म्हटलं "पचास." "ठीक." फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी साइटवर गेले तेव्हा कळलं की ठेकेदार रात्रीच सरांना विचारत होता, कारण सकाळी सळईची जाळी खड्ड्यात बसवायची होती आणि खाली ठेवायचे सिमेंटचे ठोकळे कोणत्या जाडीचे घ्यायचे ते त्याला ठरवायचं होतं. फुटिंग मातीला लागून असतं, तिथे सळईभोवती ५० मिमी काँक्रीट हवंच, स्लॅबचे २० मिमीचे ठोकळे लावले असते तर ओल लवकर सळईपर्यंत गेली असती आणि एकदा काँक्रीट ओतलं की बघायलाही मिळत नाही. सरांना फक्त आकडा हवा होता. राग वगैरे माझ्याच डोक्यात होता.

तुमचे असे अनुभव लिहा ना. नंतर कळलं की राग नव्हताच, असे पण, आणि खरंच होता, असे पण.

निवृत्त_नोटिंग

ग्वाल्हेरला सरकारी नोकरीत चौतीस वर्षं काढली, फायलींवरच. आमच्याकडे सगळे शेरे असेच. "देखा." "यथा प्रस्तावित." "पुनः प्रस्तुत करें." आणि सगळ्यात घाबरवणारा, "चर्चा करें."

नवा होतो तेव्हा एका जुन्या थकबाकीच्या प्रकरणावर दोन पानी टिपण लिहिलं आणि फाइल परत आली, समासात हिरव्या शाईत फक्त "चर्चा करें" आणि आद्याक्षर. रात्रभर झोप नाही. सकाळी घाबरत आत गेलो तर साहेबांनी बसायला सांगितलं आणि विचारलं, या माणसाची बदली कोणत्या तारखेपासून धरली आहे? झालं. ती तारीख माझ्या टिपणात होती, पण दुसऱ्या पानाच्या शेवटी होती आणि त्यांना ती आधी हवी होती.

त्या शेऱ्याचा अर्थ इतकाच की हे लिहून विचारण्यापेक्षा समोर बोलून लवकर होईल. त्याला उत्तर देण्याचीही रीत ठरलेली, जाऊन बोलायचं, मग त्याच्याच खाली "चर्चानुसार" असं सुरू करून दोन-तीन ओळींत काय ठरलं ते लिहायचं, तारीख टाकायची, फाइल परत पाठवायची. माफी नाही, "आपल्या मौल्यवान वेळेबद्दल" वगैरे नाही. फाइल पुढे कोणीही वाचणार, त्याला तुमच्या माफीचं काय करायचंय.

आणि राग ओळखायचा तर उलटा हिशेब लावा. माझे साहेब रागावले की लांब लिहायचे. "यह किस आधार पर प्रस्तावित किया गया, स्पष्ट करें, तथा विलंब का कारण बताएं." असं पूर्ण वाक्य आलं की समजायचं.

जशास_तसं

माझा तर सरळ नियम आहे. त्यांनी जितके शब्द लिहिले तितकेच आपण लिहायचे, एकाला एक. मॅनेजर विचारतो "रिपोर्ट?" मी लिहितो "कल." तो "ओके." सहा वर्षं मस्त चाललंय, कोणाला कसला त्रास नाही.

सळई_इंदूर

@जशास_तसं दादा, मी पण त्या प्रसंगानंतर हेच करून पाहिलं. सरांनी विचारलं "सीढ़ी हुई?" मी लिहिलं "नहीं सर." मग "क्यों?" मी "आर्किटेक्ट से लेवल नहीं आए." मग "कब?" म्हणजे एकेक शब्द वाचवता वाचवता त्यांना तीनदा टाइप करायला लावलं, आणि तिसऱ्याला खरंच थोडे वैतागले असतील. आता मी एकदाच लिहिते, "नहीं सर, लेवल बाकी हैं, कल 12 तक भेजती हूँ." बोलणं तसंच तुटक, पण पुढचा प्रश्न त्यांना विचारावा लागत नाही. तुमच्या "कल" मध्ये ते आपोआप येतं म्हणून चालत असेल.

जशास_तसं

हो ते बरोबर, "कल" मध्ये "नाही झाला" पण आलंच. पण शब्द मोजायची सवय चांगलीच आहे, ती मी सोडणार नाही.

रात्रपाळी

मी बडोद्याला मेडिसिनमध्ये रेसिडेंट आहे, पहिलं वर्ष. हे वाचून लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

रात्री अडीचला एका पेशंटचे रिपोर्ट सीनिअरना पाठवले, हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन ३.४, युरिया, आणि खाली लिहिलं की पेशंट स्टेबल आहे, लघवी कमी होतेय. त्यांचं उत्तर, "K?"

मी ते "ओके?" असं वाचलं. म्हणजे बरं मग, उठवलंस कशाला, अशा अर्थाने. अडीच वाजता उठवल्यावर माणूस असंच लिहिणार ना, असं वाटलं. आणि मी उत्तर दिलं "येस सर, सॉरी सर."

लगेच फोन, गुजरातीत, "पोटॅशियम केटलुं छे?" K म्हणजे पोटॅशियम! शाळेपासून माहीत असलेलं चिन्ह, पण मी घाबरलेल्या डोक्याने वाचलं म्हणून ते मला सूर वाटलं, प्रश्न वाटलाच नाही. किडनी काम करत नसली की पोटॅशियम चढतं आणि त्याने हृदयाचे ठोके बिघडतात, म्हणून क्रिएटिनिन बघितल्या बघितल्या त्यांच्या मनात पहिला प्रश्न तोच आला. ६.१ होतं. रिपोर्टमध्ये होतं पण मी टाइप करताना गाळलं होतं. मग मी लिहिलं "6.1, ईसीजी काढतोय." त्यांचं "सारु." आणि पुढची ऑर्डर.

तेव्हापासून छोटा मेसेज आला की आधी स्वतःला विचारतो, ही कुठली वस्तू मागताहेत का. बहुतेक वेळा मागतच असतात. सूर कसा होता त्याचा विचार नंतर, तो पण आता फारसा करत नाही.

टिळकनगरची_आई

माझा मुलगा पुण्याला आहे आणि मी एवढं लिहिते, काय जेवलास, पाऊस आहे का, मावशीकडे गेलास का, आणि त्याचं उत्तर फक्त "हं". मला रोज वाटतं काहीतरी बिनसलंय. तर मी पण "हं" लिहायचं का?

सळई_इंदूर

काकू, इथे सीनिअर तुम्ही आहात, त्यामुळे प्रश्न थोडा उलटा झाला :) पण रात्रपाळी म्हणाले ते करून बघा. एका मेसेजमध्ये तीन प्रश्न आहेत, त्याने कुठल्या एकाला "हं" म्हटलंय तेच कळत नाहीये. एकच विचारा, जेवलास का.

साइटवर_आहे

मी तो सीनिअर. म्हणजे तुमचा नाही, पण तसलाच, ग्वाल्हेरला रस्त्याच्या कामावर.

दिवसभर एका हातात फोन, उन्हात स्क्रीन दिसत नाही, बाजूला रोलर चालू आणि तीन-चार पोरं वेगवेगळ्या ठिकाणाहून मेसेज करताहेत. मी "लेवल?" लिहितो कारण मला लेवल हवी आहे, त्याहून जास्त त्या शब्दात काही नाही. आणि मग जेव्हा नऊ ओळींची माफी येते तेव्हा मला त्यातून आकडा तर शोधावाच लागतो, शिवाय पोराला "अरे ठीक आहे, चिंता करू नको" असंही लिहावं लागतं, नाही लिहिलं तर तो दुसऱ्या दिवशी तोंड पाडून येतो. म्हणजे माझ्या एका शब्दाने त्याला त्रास झाला आणि त्याच्या माफीने मला काम वाढलं. दोघांचंही नुकसान.

आमच्याकडून पण चुकतं, हे कबूल. "लेवल?" ऐवजी "नोट 4 में लेवल?" लिहिलं असतं तर समोरचा तीच जागा उघडून बघतो. मी आता एवढं करतो. गोड बोलणं मेसेजमध्ये मला जमत नाही, ते संध्याकाळी चहाला.

मांडवी_गेट

मला उलटा अनुभव आहे म्हणून लिहिते, नाहीतर सगळ्यांना वाटेल राग कधी नसतोच. आमच्या मॅडम मला नेहमी "सरस, मोकली दो" असं लिहायच्या, म्हणजे छान, पाठवून द्या. मग एका आठवड्यात ते नुसतं "ओके" झालं, आणि मी हेच समजावत बसले की कामात असतील. पंधरा दिवसांनी कळलं, मी त्यांना न विचारता एका क्लायंटला तारीख देऊन टाकली होती आणि त्यांना ते खूप लागलं होतं. बाकीच्यांना त्या अजूनही "सरस" लिहीत होत्या, मी ते बघायला हवं होतं. "ओके" छोटं होतं म्हणून नाही, ते फक्त मलाच छोटं झालं होतं. मग जाऊन विचारलं आणि बोलणं झालं.

निवृत्त_नोटिंग

@मांडवी_गेट हे बरोबर सांगितलंत. पण विचारायचं कसं, "तुम्ही रागावलात का" असं मी कधीच विचारलं नसतं, मी काम पुढे करून विचारलं असतं.

मांडवी_गेट

काका, मी सरळ विचारलं, "मॅडम, माझं काही चुकलं का?" त्यांनाही बरं वाटलं असं मला वाटलं. काम पुढे केलं असतं तर त्या बोलल्याच नसत्या.

निवृत्त_नोटिंग

असेल. माझे साहेब असे होते की मी सरळ विचारलं असतं तर दोघंही अवघडलो असतो.

सळई_इंदूर

एक आजचं विचारते. सरांना आज सकाळी आणखी एका घराच्या ड्रॉइंगची सुधारलेली प्रत, 'R1', पाठवली, खाली फक्त लिहिलं, "सर, R1. नोट 4 में फुटिंग कवर 50 जोड़ा, बाकी वही." यावर नुसता अंगठा आलाय. हे मंजूर समजू का? परवा फुटिंग भरायचंय.

निवृत्त_नोटिंग

नाही. आमच्या भाषेत तो अंगठा म्हणजे "देखा". "देखा" वर आम्ही कधी पैसे सोडले नाहीत.

साइटवर_आहे

मी अंगठा मिळाला, वाचला, एवढ्यासाठीच देतो. कधी कधी उघडून न बघता पण देतो, खरं सांगतो. एका ओळीत विचारा.

सळई_इंदूर

विचारलं, "सर, R1 साइट पर दे दूँ?"

सात मिनिटांनी आलं, "दो."