अनुभव धागा: चार वर्षांच्या मुलांसाठी यमकातला लाकूडतोड्या

सुईदोरा: जोडभावी पेठेतल्या एका अंगणवाडीत ताई लाकूडतोड्याची गोष्ट सांगत होत्या. ऐकलं आणि आम्ही बालवाडीसाठी त्याचं कार्टून केलं होतं ते दिवस आठवले. प्रश्नोत्तर आठ-आठ अक्षरांत बांधलं होतं:

सोन्याची ही तुझी का रे?
नाही नाही, माझी नाही!
चांदीची ही तुझी का रे?
नाही नाही, माझी नाही!
लोखंडाची तुझी का रे?
हो हो हो हो, हीच माझी!

उत्तराची ओळ मुलांची. तुम्ही कुणी असं काही केलंय का? लिहा.

शेंगाचटणी: आमच्याकडे सोन्याची कुऱ्हाड आली की पोरं "हो!" म्हणून ओरडायची. चकाकणारी, वर घंटानाद.

सुईदोरा: अगदी तेच! कुऱ्हाड कुणाची हे मुलांना आधी दिसायला हवं. आम्ही पहिल्याच दृश्यात लोखंडी कुऱ्हाडीच्या दांड्याला लाल चिंधी बांधली आणि तिन्ही कुऱ्हाडींना एकच सूर ठेवला. मग मुलं चिंधी शोधायची आणि "नाही" स्वतःहून म्हणायची. खरं काय ते ठाऊक असेल तरच खोटं ओळखता येतं ना.

गड्ड्याची_जत्रा: अक्षरं मोजली की झालं, आठ म्हणजे आठ.

चित्रपट्टी: अर्धं बरोबर दादा. अक्षरं आठ असूनही जोडाक्षरं दाटली की जीभ अडते. टाळी वाजवून बघा. ओळीला चार टाळ्या, मिनिटाला शंभर, म्हणजे ओळ 2.4 सेकंदांची. सेकंदाला 25 चित्रं धरली तर 60 चित्रं. म्हणून आवाज आधी रेकॉर्ड करायचा, चित्र नंतर. आणि प्रश्नानंतर एक अख्खी ओळ रिकामी सोडा, पात्राने नुसतं बघत राहायचं. मुलं उशिरा बोलतात, लगेच उत्तर ऐकवलं तर ती गप्प बसतात.

आईची_घाई: माझा मुलगा गूळ खाऊन नाही म्हणतो, तोंड चिकट असतं. त्याला दाखवू का हे? डाळ उतू चालली, येतेच

गड्ड्याची_जत्रा: सोलापूर आहे बे, कुऱ्हाडीऐवजी विणकराचा धोटा सिद्धेश्वर तलावात पडू द्या की!

शेंगाचटणी: आजोबांच्या मागावर होता धोटा. आताच्या पोरांनी पाहिलाय कुठे? आधी तोच ओळखायला शिकवावा लागेल.

पाटीपेन्सिल: बालमानसशास्त्र शिकवते म्हणून लिहिते. लोभी शेजाऱ्याचा भाग गाळाच. 2014 मध्ये कांग ली आणि सहकाऱ्यांनी 3 ते 7 वर्षांच्या मुलांवर केलेला अभ्यास आहे. लबाडीची शिक्षा दाखवणाऱ्या गोष्टी ऐकून मुलं जास्त खरं बोलली नाहीत. वॉशिंग्टन आणि चेरीच्या झाडाच्या गोष्टीने फरक पडला, तिथे खरं बोलल्याचं कौतुक होतं. तिचाच शेवट वाईट केला, तर परिणाम गेला. @आईची_घाई, गूळ खाल्लास का असं विचारूच नका, ओलं फडकं द्या आणि खरं सांगितलं की जवळ घ्या.

सुईदोरा: शेजारी आम्हीही काढला. पण शेवटी तिन्ही कुऱ्हाडी द्यायच्या का? मला नुसती देवी हसलेली पुरेशी वाटते.

पाटीपेन्सिल: मला नाही वाटत पुरेशी. चार वर्षांच्या मुलाला आनंद हातात दिसावा लागतो.

चित्रपट्टी: देवीने चिंधीवाली कुऱ्हाड दिली आणि दोघं नाचली तर?

शेंगाचटणी: सोनं न देता? आमची आजी भांडेल. बरं, हुरड्याला कोण कोण येतंय?